सोडियमचा शेवटचा तुकडा

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अनेक प्रयोगशाळांत कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक बाटली सापडते. जाड काचेची, रुंद तोंडाची, निम्मी रॉकेलने किंवा पॅराफिन तेलाने भरलेली. तळाशी पाच-सात वेडेवाकडे तुकडे पडलेले असतात. त्यांच्यावर करडी, पिवळट, खरबरीत साल धरलेली असते. हे वापरून उरलेलं सोडियम. नवीन बाटलीतला तुकडा चाकूने कापला की आत चांदीसारखा लखलखीत पृष्ठभाग दिसतो आणि पाहता पाहता काळवंडतो. उरलेल्या तुकड्यांच्या पोटातही तोच धातू तितकाच सक्रिय असतो. बाहेरच्या सालीमुळे तो मेल्यासारखा वाटतो, इतकंच.

हे तुकडे उरतात कुठून? आपल्याकडच्या बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांत लॅसेन टेस्ट असते. अनोळखी सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक किंवा हॅलोजन आहे का, हे शोधण्यासाठी मसुराच्या डाळीएवढा सोडियमचा तुकडा त्या पदार्थाबरोबर छोट्या नळीत तापवतात. वीस विद्यार्थ्यांसाठी सोडियम कापलं की कडांचे तुकडे उरतात. एमएस्सीच्या किंवा संशोधनाच्या प्रयोगशाळेत टोल्युइन, ईथर यांसारखे द्रावक कोरडे करण्यासाठी त्यात सोडियमची तार किंवा काप टाकून ठेवतात. द्रावक वापरून संपतो, सोडियम मागे राहतं. बर्च रिडक्शनसारख्या अभिक्रियांत लिथियमची तार लागते, तिचीही टोकं उरतात.

ही टोकं टाकून द्यायची कशी, हा या लेखाचा विषय आहे. कचऱ्याच्या डब्यात ती टाकता येत नाहीत, सिंकमध्ये नाहीत, द्रावकांच्या टाकाऊ कॅनमध्ये तर मुळीच नाहीत. आधी त्या धातूची रासायनिक ताकद संपवावी लागते. प्रयोगशाळेत याला 'क्वेंच करणं' म्हणतात आणि त्यासाठी अल्कोहोल वापरतात. कृती दिसायला सोपी आहे. तिच्यातला धोका मात्र बहुतेकांना वाटतो तिथे, म्हणजे सुरुवातीला, नसतो. तो शेवटी, काम संपल्यासारखं वाटतं तेव्हा असतो.

पाणी का नाही

सोडियम पाण्यात टाकलं की कॉस्टिक सोडा आणि हायड्रोजन वायू तयार होतो, हे शाळेतच शिकवतात. त्या अभिक्रियेतून निघणारी उष्णता मात्र डोळ्यांपुढे येत नाही. एक मोल, म्हणजे २३ ग्रॅम सोडियम पाण्याशी संयोग पावताना सुमारे १८४ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. सोडियम ९८ अंश सेल्सिअसलाच वितळतं. त्यामुळे तुकड्याचा क्षणात तापलेला गोळा होतो, तो पाण्यावर तरंगत धावू लागतो आणि त्याच्याभोवती हायड्रोजन जमत राहतो. हवेत हायड्रोजनचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते, आणि तापलेल्या धातूला बाहेरच्या ठिणगीचीही गरज नसते.

स्फोटाचं कारण एवढंच असतं, तर हायड्रोजनचा आणि वाफेचा थर धातूला पाण्यापासून वेगळं पाडून अभिक्रिया मंदावला असता. तसं होत नाही. चेक विज्ञान अकादमीतले पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने याचं चित्रण केलं. त्यांनी सोडियम-पोटॅशियमच्या द्रव मिश्रधातूचा थेंब पाण्यात सोडला. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात थेंबातून धातूचे काटे बाहेर फुटताना दिसले. धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन झपाट्याने पाण्यात निघून जातात, मागे धन प्रभार उरतो, सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात आणि थेंब आतूनच फुटतो. प्रत्येक काट्याबरोबर नवा, ताजा पृष्ठभाग पाण्याला भिडतो. म्हणून 'छोटाच तुकडा आहे, पाण्यात टाकून मोकळं होऊ' या विचाराला अर्थ नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या सोडियमची अमेरिकेने हीच विल्हेवाट लावली होती. १९४७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर सरोवरात सोडियमचे ड्रम लोटून देण्यात आले, एकूण सुमारे २० हजार पौंड. पाण्याचे उंच फवारे आणि धुराचे लोट उडवणाऱ्या त्या स्फोटांची फिल्म आजही पाहायला मिळते. त्या काळी निर्जन सरोवर ही सुरक्षित जागा मानली गेली. प्रयोगशाळेचं सिंक ही तशी जागा नाही. सिंकखालच्या वाकड्या नळीत पाणी साचलेलं असतं, आणि दुसऱ्या कोणी ओतलेल्या ईथरची वाफही तिथे असू शकते.

अल्कोहोल काय बदलतं

अल्कोहोलमध्येही पाण्यासारखाच ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन असतो. सोडियम तोच हायड्रोजन सोडवतं. वायू तोच, हायड्रोजन, आणि त्याचं प्रमाणही तेवढंच. कॉस्टिक सोड्याऐवजी अल्कॉक्साइड नावाचा क्षार तयार होतो. अल्कोहोल वापरल्याने एकूण उष्णता नाहीशी होत नाही. बदलतो तो वेग. उष्णता एका क्षणात न सुटता तासाभरात सुटली, तर द्रावक ती शोषून घेतो, कंडेन्सर ती बाहेर नेतो आणि धातू वितळत नाही.

हा वेग अल्कोहोलच्या जातीवर अवलंबून असतो. मिथेनॉल सगळ्यांत चपळ. त्याच्या खालोखाल इथेनॉल, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बोलण्यातलं आयपीए. सगळ्यांत मंद टर्शरी ब्युटेनॉल. ऑक्सिजनजवळ कार्बनच्या फांद्या जितक्या जास्त, तितका तो हायड्रोजन सोडायला नाखूश आणि धातूजवळ पोचायलाही अवघड. टर्शरी ब्युटेनॉलची एक अडचण आहे. ते २५ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे हिवाळ्यात बाटलीतच घट्ट होऊन बसतं. म्हणून सोडियमसाठी सुरुवात सहसा आयपीएने करतात. पुढे इथेनॉल, त्यानंतर थोडं मिथेनॉल आणि अगदी शेवटी पाणी. मंदाकडून चपळाकडे जायचं आणि एक पायरी पूर्ण झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही.

हा एकच मार्ग आहे असंही नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 'प्रुडंट प्रॅक्टिसेस' या प्रयोगशाळा-सुरक्षेच्या पुस्तकात थेट ९५ टक्के इथेनॉल वापरायला सांगितलं आहे. प्रत्येक ग्रॅम सोडियमला १३ मिलिलिटर, आणि तेही द्रावक उकळून कंडेन्सरमधून परत गळत राहील इतक्याच वेगाने. दोन्ही पद्धतींचा गाभा एक आहे: अल्कोहोल भरपूर हवं, पण ते हळूहळू जायला हवं.

पाच ग्रॅमचं उदाहरण

समजा, द्रावक कोरडे करून झाल्यावर पाच ग्रॅम सोडियम उरलं आहे. मोठ्या सुपारीएवढा गोळा होईल इतकंच. कामाला हात लावण्याआधी दोन हिशेब करून ठेवावेत. पाच ग्रॅम सोडियममधून खोलीच्या तापमानाला सुमारे २.७ लिटर हायड्रोजन निघेल. एवढा हायड्रोजन ६५-७० लिटर हवेत मिसळला, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे काम फ्यूम हूडमध्ये, हवा खेचणारा पंखा चालू ठेवूनच करायचं. दुसरा हिशेब असा की अर्ध्या लिटरच्या फ्लास्कला बूच लावलं, तर आतला दाब वातावरणाच्या पाच-सहा पट होईल. म्हणजे फ्लास्क कधीही बंद करायचा नाही. वायूला बाहेर जायला वाट हवीच.

हूडमधून ईथर, ॲसिटोन, हेक्सेनच्या बाटल्या बाहेर काढायच्या. पाण्याच्या पिचकाऱ्याही काढायच्या. क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन तर आसपासही नको, कारण सोडियम क्लोरीनयुक्त द्रावकांबरोबर स्फोटक अभिक्रिया करू शकतं. सुती ॲप्रन, गॉगल, तोंडासमोर पारदर्शक ढाल आणि कोरडे हातमोजे. घामाने ओलसर झालेले हातमोजे बदलायचे.

तीन तोंडांचा ५०० मिलिलिटरचा गोल बुडाचा फ्लास्क घ्यायचा आणि तो भट्टीत वाळवून घ्यायचा. मधल्या तोंडाला कंडेन्सर, त्याच्या वरच्या टोकाला तेल भरलेला बबलर. दुसऱ्या तोंडाला ड्रॉपिंग फनेल, तिसऱ्यातून नायट्रोजनचा मंद प्रवाह. फ्लास्कमध्ये १०० मिलिलिटर कोरडं टोल्युइन किंवा हेप्टेन घालायचं. हे द्रावक सोडियमशी काही करत नाही. ते अल्कोहोल पातळ ठेवतं आणि उष्णता पसरवतं.

आता सोडियम. तेलाने ओल्या पृष्ठभागावर, धारदार चाकूने त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. सालीमुळे तुकडा आत किती आहे ते कळत नाही, कापल्यावर कळतं. आणि ताजा धातू उघडा पडल्यामुळे पुढची अभिक्रिया लगेच, सारख्या वेगाने सुरू होते. साल तशीच राहिली तर पहिलं अल्कोहोल टाकल्यावर काहीच घडत नाही. माणूस अजून टाकतो, मग अजून थोडं. साल तडकली की साठलेलं सगळं अल्कोहोल एकदम कामाला लागतं आणि फ्लास्क उसळतो. या कृतीत नवशिका सगळ्यांत जास्त फसतो तो इथे. पहिले पाच-सात थेंब टाकले की थांबायचं. तुकड्यांवर बुडबुड्यांच्या बारीक माळा दिसल्याशिवाय पुढचा थेंब टाकायचा नाही.

तुकडे चिमट्याने एकेक करून, नायट्रोजन चालू असताना आत सोडायचे. टोल्युइनपेक्षा सोडियम थोडं जड असल्यामुळे ते तळाशी जातं, म्हणजे हवेपासून दूर राहतं. ही सोडियमची सोय. चाकू, चिमटा, कापायची बशी आणि तेल पुसलेला कागद यांच्यावरही बारीक कण चिकटलेले असतात. ते सिंकवर नेऊन धुवायचे नाहीत. हूडमध्येच एका चंचुपात्रात आयपीए घेऊन त्यात बुडवून ठेवायचे. पुसलेला कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला आणि काही वेळाने टोपली पेटली, हे प्रयोगशाळांत घडतं ते याच कारणाने.

मग ढवळणं सुरू करून आयपीए थेंबाथेंबाने. पाच ग्रॅमसाठी नेमकं लागणारं आयपीए सुमारे १७ मिलिलिटर, पण साधारण ३० मिलिलिटर अर्ध्या-पाऊण तासात घालायचं. फ्लास्कला बाहेरून हात लावून पाहायचा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर थेंब थांबवायचे. फ्लास्क थंड करण्यासाठी तो बर्फाच्या पाण्यात ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा. काचेला तडा गेला तर सोडियम थेट पाण्यात पडेल. शिवाय फार थंड केलं की अभिक्रिया थबकते आणि अल्कोहोल साठत जातं, म्हणजे तोच साठ्याचा धोका पुन्हा उभा राहतो. फ्लास्कखाली कोरड्या वाळूची धातूची परात ठेवावी, आणि वेग हातातल्या नळाने राखावा.

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं नाही

तासाभराने बुडबुडे मंदावतात. द्रव दुधाळ होतो, तळाशी पांढुरका गाळ दिसतो. इथेच माणसाचा अंदाज चुकतो. सोडियम आणि आयपीए यांचा संयोग होऊन जो अल्कॉक्साइड बनतो, तो या थंड मिश्रणात फारसा विरघळत नाही. तो धातूच्या तुकड्यावरच थरासारखा बसतो. कळीचा चुना कमी पाण्यात विरवला की ढेकळाचं बाहेरचं अंग पिठासारखं होतं आणि आत खडा तसाच राहतो, तसंच इथे होतं. बाहेरून पांढरा, मऊ दिसणारा गोळा आत अख्ख्या सोडियमचा असू शकतो. अल्कोहोल त्याच्यापर्यंत पोचत नाही म्हणून बुडबुडे थांबतात. धातू संपला म्हणून नव्हे.

अशा वेळी कोणी पाणी ओतलं तर पाणी तो थर झटकन विरघळवतं, आतला धातू उघडा पडतो आणि तो एकदम पाण्याच्याच तावडीत सापडतो. वर टोल्युइन, आत हायड्रोजन, मध्ये वितळलेलं सोडियम. सोडियम क्वेंच करताना लागणाऱ्या आगी बऱ्याचदा या टप्प्यावर लागतात, म्हणून या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा.

त्यासाठी आयपीएनंतर इथेनॉल. ग्रॅमला १३ मिलिलिटरच्या हिशेबाने ६५ मिलिलिटर, तेही हळूहळू. इथेनॉलमध्ये अल्कॉक्साइड अधिक विरघळतो, त्यामुळे साल सुटते आणि बुडबुडे पुन्हा वाढतात. ते वाढले, तर आधी थांबले होते ते फसवं थांबणं होतं हे लगेच कळतं. गरज पडली तर फ्लास्क साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करायचा. ज्योतीवर कधीच नाही, हीटिंग मँटलवर. द्रव सोडियमच्या वितळणबिंदूच्या बराच खाली राहतो, त्यामुळे तुकडे वितळून एकत्र होत नाहीत. याला दोन-तीन तास लागतात. तुकडे मोठे राहिले असतील तर अधिकही. गरम करणं चालू असताना फ्लास्क सोडून घरी जायचं नाही.

धातू खरोखर संपला का, हे ओळखायच्या तीन खुणा आहेत, आणि तिन्ही पाहायच्या. पहिली, डोळ्यांनी. ढवळणं थांबवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि खालून टॉर्च मारून तळ पाहायचा. करडा किंवा चमकदार ठिपका दिसला, एखाद्या गोळ्याच्या कडेने एक-एक बुडबुडा सुटताना दिसला, की धातू आहे. दुसरी, बबलरवरून. नायट्रोजन चालू असताना बबलरमधले बुडबुडे त्याचेच असतात, त्यावरून काही कळत नाही. म्हणून गरम करणं थांबवून नायट्रोजन काही क्षण बंद करायचा. तरीही बबलर बुडबुडे देत राहिला, तर आत हायड्रोजन तयार होतोय. फ्लास्क गार होत असेल तर तेल वर खेचलं जातं, ते दिसताच नायट्रोजन पुन्हा सुरू करायचा. तिसरी खूण, मिथेनॉलची. पाच मिलिलिटर मिथेनॉल थेंबाथेंबाने घालून पाहायचं. वायू वाढला नाही, तापमान वाढलं नाही, तर पुढे जायला हरकत नाही.

पुढे पाणी, पण थेट पाणी नाही. आधी निम्मं पाणी आणि निम्मं इथेनॉल असं मिश्रण, पहिले काही मिलिलिटर अगदी सावकाश. एखादा हरवलेला कण असेल तर तो इथे छोट्या चरचरीत दिसतो, आगीत नाही. त्यानंतर पाणी थेंबाथेंबाने, नायट्रोजन चालू ठेवूनच. पाण्याने काही घडत नाही, फक्त दुधाळ द्रव स्वच्छ होतो आणि टोल्युइनचा थर वर वेगळा होतो, तेव्हा क्वेंच पूर्ण झालं.

आता फ्लास्कमध्ये कॉस्टिक सोड्याचं कडक द्रावण आहे. धातू गेला म्हणून ते निरुपद्रवी झालेलं नाही, डोळ्यात उडालं तर कायमची इजा होते. आता बर्फात ठेवायला हरकत नाही. थंड करून ढवळत ढवळत दोन मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, पाच ग्रॅम सोडियमला सुमारे ११० मिलिलिटर लागतं. शेवटी पीएच कागदावर सात-आठच्या आसपास पाहायचं. टोल्युइनचा थर वेगळा करून हॅलोजनरहित ज्वालाग्राही द्रावकांच्या कॅनमध्ये, खालचा पाण्याचा थर त्याच्या वेगळ्या कॅनमध्ये. दोन्हींवर काय आहे आणि कोणत्या तारखेला भरलं, हे लिहायचं. पुढची विल्हेवाट संस्थेच्या ठरलेल्या पद्धतीने, अधिकृत घातक कचरा प्रक्रिया केंद्रामार्फत होते.

लिथियमचा वेगळा हिशेब

लिथियम हे सोडियमचं सौम्य भावंड आहे, असं समजून लोक तेच प्रमाण लिथियमलाही लावतात. ते चुकीचं आहे. लिथियमचा अणू हलका असतो, त्यामुळे एक ग्रॅममध्ये अणूंची संख्या सोडियमच्या तिपटीहून जास्त भरते. एक ग्रॅम सोडियममधून अर्धा लिटरच्या आसपास हायड्रोजन निघतो, एक ग्रॅम लिथियममधून पावणेदोन लिटर. उष्णताही त्याच मानाने वाढते. म्हणूनच 'प्रुडंट प्रॅक्टिसेस'मध्ये लिथियमसाठी इथेनॉलचं प्रमाण ग्रॅमला ३० मिलिलिटर दिलं आहे.

वागणूक मात्र संथ असते. लिथियम इथेनॉलमध्ये सोडियमपेक्षा हळू विरघळतं. त्याला वितळायला १८० अंश लागतात, त्यामुळे त्याचा धावणारा गोळा सहसा होत नाही. पण संथपणामुळे माणूस कंटाळतो आणि वेग वाढवतो. मग साठलेलं अल्कोहोल तेच करतं, जे सोडियमच्या बाबतीत केलं होतं. इथे आयपीएने सुरुवात केली, तर दिवस निघून जाईल. इथेनॉलनेच सुरुवात करणं बरं, पण तुकडे बारीक हवेत.

आणखी दोन गोष्टी लिथियमच्या स्वभावात वेगळ्या आहेत. एक, ते इतकं हलकं असतं की टोल्युइन, हेप्टेन, अल्कोहोल, सगळ्यांवर तरंगतं. बाटलीतल्या तेलावरही तरंगतं, म्हणून ते केवळ तेलात बुडवून साठवणं भरवशाचं नसतं. क्वेंच करताना ते द्रव आणि वायू यांच्या सीमेवरच राहतं आणि हायड्रोजन तिथेच सुटतो. त्यामुळे फ्लास्कमध्ये वरचा वायू निष्क्रिय असणं सोडियमपेक्षाही इथे जास्त महत्त्वाचं. दुसरी गोष्ट, नायट्रोजन इथे निष्क्रिय नाही. लिथियम साध्या तापमानालाही नायट्रोजनशी हळूहळू संयोग पावतं आणि त्याच्यावर काळपट साल चढते. म्हणून इथे आर्गॉन वापरायचा. ती काळी साल अल्कोहोल किंवा पाण्यात गेली की अमोनिया सुटतो. फ्लास्कमधून तिखट वास आला तर घाबरायचं नाही, पण हूडचा पंखा चालू असायलाच हवा. चुंबकीय ढवळणीची टेफ्लॉनची कांडीही लिथियमच्या संपर्काने काळवंडते. म्हणून काचेने मढवलेली कांडी वापरावी.

मोबाईलच्या बॅटरीतल्या लिथियमशी या कृतीचा काहीही संबंध नाही. त्या बॅटरीत लिथियम बहुतेक आयनांच्या रूपात असतं. ती फोडून अल्कोहोलमध्ये टाकणं म्हणजे नवा धोका निर्माण करणं. तिची जागा ई-कचऱ्याच्या संकलन केंद्रात आहे.

आग लागली तर

हूडमध्ये आग लागली तर पाणी नाही, फोम नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. सोडियम कार्बन डायऑक्साइडलाही सोडत नाही. सोडियमसाठी कोरडी वाळू, कोरडा सोडा ॲश किंवा धातूंच्या आगीसाठीचं डी वर्गाचं अग्निशामक जवळ असायला हवं. लिथियमसाठी वाळूही योग्य नाही, कारण जळतं लिथियम वाळूतल्या सिलिकाशीही भिडतं. त्यासाठी कोरडं ग्रॅफाइटचं चूर्ण लागतं. हे डबे काम सुरू करण्यापूर्वी हाताशी आणून, झाकण उघडून पाहायचे. वाळू ओली निघाली तर तिचा उपयोग नाही, उलट अपायच आहे.

फ्लास्कच्या तोंडाशी नुसती ज्योत दिसली, तर अल्कोहोलचा नळ बंद करायचा, हूडची सॅश खाली ओढायची आणि मागे सरायचं. वायू येणं थांबलं की ज्योत बहुधा आपोआप विझते. फ्लास्क उचलून दुसरीकडे न्यायला धावणं हा सगळ्यांत वाईट निर्णय, कारण हलवताना तो फुटतो किंवा सांडतो. म्हणूनच हे काम एकट्याने करायचं नाही. सॅश ओढणारा, गॅसचा कॉक बंद करणारा, मदत बोलावणारा दुसरा माणूस खोलीत असायला हवा.

कुठे हात लावायचा नाही

ही पद्धत थोड्या प्रमाणासाठी आहे. एका वेळी पाच ग्रॅम म्हणजे पुरे. शंभर ग्रॅमचा साठा उरला असेल, तर तो एकाच मोठ्या फ्लास्कमध्ये संपवायला जाऊ नये, कारण फ्लास्क मोठा झाला की उष्णता बाहेर पडायला त्याच मानाने जागा वाढत नाही. असा साठा तेलात बुडालेला, लेबल लावलेला, तसाच अधिकृत कचरा-केंद्राकडे सोपवणं बरं.

पोटॅशियम हा वेगळाच विषय आहे. ते सोडियमपेक्षा जहाल असतं आणि जुन्या तुकड्यांवर पिवळ्या-नारिंगी सुपरऑक्साइडची साल चढते. ती साल खाली धातू असताना चाकूने कापली, तर घर्षणानेच स्फोट होऊ शकतो. जुन्या बाटलीत पिवळी साल दिसली आणि लेबल वाचता येत नसेल, तर तिला चाकू लावायचा नाही. ती उघडायचीही नाही. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवायचं आणि बाटली हलवायची की नाही हे त्यालाच ठरवू द्यायचं.

उरलेला धातू जितका जुना, तितकी त्याची साल जाड, आणि साल जाड तितकं क्वेंच करणं कठीण. म्हणून लॅसेन टेस्टच्या दिवशी कडांचे जे तुकडे उरतात, ते त्याच दिवशी, ताजे आणि चकचकीत असताना, हूडमध्ये आयपीएखाली घालणं सगळ्यांत सोपं. अर्धा ग्रॅम सोडियमला काही मिलिलिटर आयपीए, मग थोडं इथेनॉल, थोडी सवड आणि शेवटी टॉर्चने तळ पाहणं, एवढंच लागतं. तेच तुकडे दहा वर्षं कपाटात राहिले, तर वर लिहिलेला सगळा खटाटोप, तीन तोंडांचा फ्लास्क आणि आर्गॉन-नायट्रोजन, लागतो. कधी कधी तो करायलाही हात धजत नाही. खरेदी करताना लागेल तेवढंच सोडियम मागवणं आणि उरलेलं त्याच आठवड्यात संपवणं, हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेने वहीत लिहून ठेवायला हवा, आणि ते संपवायची जबाबदारी कोणाची, त्याचं नावही शेजारी लिहायला हवं.